प्रकल्प नोंदी : सोयाबीनची हवा आणि उलटं आखलेलं चक्र

24 सप्टेंबर 2024, मंगळवार

नवउद्योजकतेच्या विषयासाठी आमचा तिघांचा गट ठरला. मी औसा तालुक्यातली, एक जण उदगीरचा आणि एक मैत्रीण परभणीची. तिघांच्याही घरी सोयाबीन आहे, त्यामुळे विषय शोधायला वेळ लागला नाही. शेतकरी माल घेऊन बाजारात जातो, अडत्या यंत्रात मूठभर दाणे टाकतो, ‘हवा सोळा आहे’ म्हणतो आणि वजनात कपात होते. आमच्याकडे बाजारात ओलाव्याला हवाच म्हणतात. घरून निघताना आपल्या मालाची हवा किती आहे हे शेतकऱ्याला माहीत नसतं. आम्ही ठरवलं की हवा, भाव आणि हवामान एकत्र दाखवून ‘आज विका’ किंवा ‘दोन दिवस वाळवा’ असं सांगणारं मोबाइल ॲप करायचं.

मॅडमनी पाच पडद्यांचं रेखाटन पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला : यातली कोणती गोष्ट खोटी निघाली तर बाकी सगळं बिनकामाचं ठरेल?

वर्गात लीन स्टार्टअपचं, म्हणजे कल्पना कमी खर्चात तपासत धंदा उभा करायच्या पद्धतीचं, चक्र शिकवून झालं होतं. एरिक रीस यांनी 2011 च्या पुस्तकात मांडलेलं ‘बनवा, मोजा, शिका’ हे चक्र आम्ही वहीत गोल काढून बाण दाखवून उतरवलं होतं. ते बाण ज्या दिशेने जातात त्याच दिशेने विचार करायचा असा आमचा समज होता, म्हणून आम्ही ‘बनवा’पासून सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, चक्र फिरतं सुलट, पण आखायचं उलट. आधी काय शिकायचंय ते ठरवा. ते शिकलो हे कोणत्या आकड्यावरून कळेल ते ठरवा. मग तो आकडा मिळवायला कमीत कमी काय बनवावं लागेल ते बघा. त्या कमीत कमी वस्तूला एमव्हीपी, म्हणजे मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट, म्हणतात. हा शब्द फ्रँक रॉबिन्सन यांनी 2001 मध्ये रूढ केला आणि स्टीव्ह ब्लँक व रीस यांनी तो सगळीकडे पोचवला. आमच्या रेखाटनात पाचाऐवजी दोनच पडदे ठेवले असते तरी ते एमव्हीपी झालं नसतं. ते फक्त लहान ॲप झालं असतं. हा फरक आज पहिल्यांदा नीट समजला.

रात्री बसून गृहीतकं लिहिली. शेतकऱ्याला हवा माहीत नसते. माहीत झाली तर तो वागणं बदलेल. बदलल्याने त्याचे पैसे वाचतील. आणि या माहितीसाठी तो पैसे देईल.

29 सप्टेंबर, रविवार

गावाकडे गेले होते. चौदा शेतकऱ्यांना विचारलं, ‘घरीच हवा मोजून मिळाली तर वापराल का?’ तेरा जण हो म्हणाले. आनंदाने फोनवर मॅडमना सांगितलं, तर त्यांनी ही नोंद वहीत ठेवा पण पुरावा म्हणून धरू नका, असं सांगितलं. पोरगी शिकायला बाहेर आहे, घरी आली आहे, काही विचारते आहे, तर तिला नाही कोण म्हणेल? ‘वापराल का’ या प्रश्नाचं उत्तर माणूस आपलेपणाने देतो.

संध्याकाळी त्याच घरी परत जाऊन वेगळं विचारलं : ‘गेल्या साली माल कुठे घातला, हवा किती लागली, किती कापलं?’ नऊ जणांनी डब्यातून, पंचांगातून, देवळीतून पावत्या काढून दाखवल्या. पाच जणांना कपात आठवतच नव्हती. पावत्यांचे फोटो काढून ठेवले. बहुतेक पावत्यांवर बाराच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो असा हिशोब दिसतो.

3 ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

पहिलं चक्र उलटं आखलं.

शिकायचं काय : माल भरण्याआधी हवा मोजून घ्यायला शेतकरी थांबेल का, आणि त्यासाठी खिशातून पन्नास रुपये काढेल का. मोजायचं काय : ज्यांना विचारलं त्यांपैकी किती जणांनी रोख दिले. कोणता आकडा आला तर आपण चुकलो : विसात आठपेक्षा कमी. हा आकडा आजची तारीख घालून लिहिला आणि तिघांनी सह्या केल्या. मॅडमचा यावर फार कटाक्ष आहे. निकाल हातात आल्यावर मर्यादा ठरवली की सहा आले तरी ‘सुरुवातीला सहा चांगलेच’ असं मन म्हणायला लागतं.

बनवायचं काय, तर जवळजवळ काहीच नाही. मामांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, त्यांच्याकडचं हवा मोजायचं यंत्र तीन आठवड्यांसाठी मिळालं. एक वही, एक मोटारसायकल, आणि पिठाच्या गिरणीवर व देवळाच्या पारावर चिकटवायला हाताने लिहिलेले चार कागद. ॲप करणार होतं ते काम आम्हीच करायचं. शेतकरी फोन करेल, आम्ही मळणीच्या जागी जाऊ, मोजू आणि तोंडी सल्ला देऊ.

अशा प्रकाराला कन्सिअर्ज एमव्हीपी म्हणतात. रीस यांनी दिलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या ‘फूड ऑन द टेबल’ या कंपनीचं आहे. घरात कोणाला काय आवडतं आणि जवळच्या दुकानात कशावर सूट आहे ते पाहून आठवड्याचा स्वयंपाक आणि किराण्याची यादी ठरवून द्यायची, ही त्यांची कल्पना. त्यांनी सुरुवात एकाच गिऱ्हाइकापासून केली. कंपनीचे प्रमुख दर आठवड्याला त्या बाईंच्या घरी स्वतः जायचे, हाताने तयार केलेली यादी द्यायचे आणि पैशांचा चेक घेऊन यायचे. एका गिऱ्हाइकामागे इतका वेळ घालवणं धंदा म्हणून परवडणारं नव्हतं, पण संगणकावर नेमकं कोणतं काम सोपवायचं ते त्यांना त्यातूनच कळलं.

8 ऑक्टोबर, मंगळवार

पाच दिवसांत अकरा ठिकाणी मोजलं. त्यात एक घोळ झाला. उदगीरच्या मित्राने चुलत्यांकडून आणि त्यांच्या शेजाऱ्यांकडून पैसे घेतले नाहीत, आणि वहीत त्या नोंदीही बाकीच्यांसारख्याच लिहिल्या. आता पैसे देऊन मोजलेले कोण आणि फुकट कोण, ते वेगळं करायला एक अख्खी संध्याकाळ गेली. आमचा प्रश्नच ‘पैसे देतो का’ हा आहे. ज्याच्याकडे मागितलेच नाहीत तो या मोजणीत धरता येत नाही. वहीत आता तीन वेगळे रकाने आखले आहेत : विचारलं, रोख दिले, फुकट.

17 ऑक्टोबर, गुरुवार

पहिलं चक्र संपलं. एकूण मोजण्या 19. त्यातल्या फुकटच्या आठ बाजूला ठेवल्या. पैसे मागून विचारलेले शेतकरी 23, रोख देणारे 11. मर्यादा विसात आठ होती, म्हणजे तेवीसला साधारण नऊ. आम्ही पास झालो. परभणीच्या मैत्रिणीने तर ॲपच्या पहिल्या पडद्याचं काम रात्रीच सुरू केलं.

पण वहीतला शेवटचा रकाना, ‘पुढे माल काय केला’ हा, मला झोपू देईना. पैसे देणाऱ्या अकरा जणांपैकी सात जणांची हवा बाराच्या वर होती. सातही जणांना आम्ही दोन उन्हं द्यायला सांगितलं होतं. फोन करून विचारलं तर दोघांनीच वाळवलं होतं. पाच जणांनी आम्ही निघाल्यावर तासाभरात टेम्पो भरला होता.

त्यांतल्या एका काकांकडे आज गेले. सोळा हवा, दहा क्विंटल माल. त्यांना विचारलं, काका, पन्नास रुपये दिले आणि सल्ला का नाही ऐकला? ते म्हणाले, ‘पोरी, वाळवलं की वजन उतरायलंय. अडत्यानं कापलं काय आन् उन्हानं कापलं काय, सारखंच की. वरून वाळवायची मजुरी माझ्याच बोकांडी.’

घरी येऊन हिशोब मांडला. हा हिशोब आम्ही पहिल्या दिवशी करायला हवा होता. दहा क्विंटल सोयाबीनमध्ये सोळा टक्के पाणी, म्हणजे 160 किलो पाणी आणि 840 किलो कोरडा माल. वाळवताना कोरडा माल तेवढाच राहतो, पाणीच उडतं. हवा बारावर आली की ते 840 किलो एकूण वजनाचे 88 टक्के होतात.

```
840 / 0.88 = 954.5 किलो
```

म्हणजे वाळवल्यावर विकायला उरतात साधारण 955 किलो. न वाळवता नेलं तर अडत्या चार टक्क्यांचे क्विंटलमागे चार किलो कापतो, दहा क्विंटलला 40, म्हणजे पैसे मिळतात 960 किलोचे. वाळवणाऱ्याला पाच किलो कमीच मिळतात, शिवाय ताडपत्री, मजुरी आणि परतीच्या पावसाची धास्ती. काकांनी आकडेमोड न करता जे सांगितलं ते बरोबर होतं आणि आमचा सल्ला चूक होता.

19 ऑक्टोबर, शनिवार

ही चर्चा मॅडमसोबत दीड तास चालली. एकच मुद्दा लिहून ठेवते, कारण पुढच्या वर्षी हा विषय घेणाऱ्यांना तोच उपयोगी पडेल.

आमची चाचणी पास झाली आणि तरीही आमची कल्पना खोटी होती, हे एकाच वेळी कसं घडलं? आम्ही सोपं गृहीतक तपासलं. पन्नास रुपये ही कुतूहलाची किंमत होती. माणूस यंत्रावर आकडा कसा येतो ते बघायला एकदा पन्नास रुपये देतो. खरं वजन होतं ते तिसऱ्या गृहीतकावर, म्हणजे माहितीमुळे वागणं बदलून पैसे वाचतात, यावर. रीस याला मूल्याचं गृहीतक म्हणतात आणि गिऱ्हाईक कसं वाढत जाईल ते वेगळं, वाढीचं गृहीतक. मूल्य तपासायचं तर देवाणघेवाणीनंतर गिऱ्हाईक काय करतं ते बघावं लागतं. तो रकाना आमच्या वहीत योगायोगाने होता. मर्यादा मात्र आम्ही त्या रकान्यावर घातली नव्हती.

‘एकूण 19 मोजण्या’ हा आकडा अहवालात छान दिसला असता. असे आकडे फक्त वाढतच जातात, उतरत कधीच नाहीत, म्हणून त्यांच्यावरून कुठलाच निर्णय घेता येत नाही. रीस यांनी त्यांना दिखाऊ मापं म्हटलं आहे. सातपैकी दोन हा आकडा दिसायला वाईट होता, पण त्यानेच आम्हाला काकांच्या घरापर्यंत नेलं.

मग त्या दोघांना फोन केला. दोघांनीही हमीभाव केंद्रावर नाव नोंदवलं होतं. केंद्रावर नियम वेगळा आहे. तिथे कपात नसते, बाराच्या वर हवा असेल तर माल परत. यंदा सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये आहे आणि आमच्याकडच्या ताज्या पावत्या 4,000 ते 4,300 च्या दरम्यान आहेत. तोच दहा क्विंटलचा हिशोब केंद्रासाठी केला : 9.545 क्विंटल गुणिले 4,892 म्हणजे साधारण 46,700 रुपये. अडतीवर 4,150 धरला तर 960 किलोचे 39,840. वाळवण्यात वजन गेलं तरी जवळपास 6,900 रुपये जास्त मिळतात. उलट माल परत आला तर टेम्पोचे पंधराशे रुपये पाण्यात आणि नंबर पुन्हा लावायचा.

काम तेच, पण ज्याच्यासाठी करायचं तो माणूस आम्ही चुकीचा धरला होता. दिशा बदलणं म्हणजे पिव्हट, आणि त्याचे प्रकार आहेत. आमचा गिऱ्हाइकाचा गट बदलणारा पिव्हट. अडतीवर जाणारा शेतकरी सोडायचा, केंद्रावर नोंदणी केलेला धरायचा. ॲपचं काम थांबवलं. मैत्रिणीला वाईट वाटलं, दोन रात्री जागून तिने तो पडदा केला होता.

22 ऑक्टोबर, मंगळवार

दुसरं चक्र उलटं आखलं. शिकायचं काय : केंद्राचा निरोप आल्यावर नोंदणी केलेला शेतकरी आमच्याकडून मोजून घेऊन, सल्ल्याप्रमाणे वाळवून मगच जातो का, आणि त्याचा माल पहिल्याच खेपेला घेतला जातो का. मोजायचं काय : दहापैकी किती जणांचा माल पहिल्या खेपेला लागला. मर्यादा आठ. बनवायचं काय : तेच यंत्र, तीच वही, शंभर रुपयांत दोन मोजण्या, एक आज आणि एक वाळवल्यावर. कागद या वेळी गिरणीवर न लावता केंद्राबाहेरच्या चहाच्या टपरीवर लावले.

26 ऑक्टोबर, शनिवार

आज वाईट झालं. एका शेतकऱ्याला आम्ही 11.8 सांगितलं, केंद्रावर 12.6 आली आणि माल परत आला. ते फोनवर जे बोलले ते ऐकून घेतलं. तिघांनी मिळून टेम्पोचे पंधराशे त्यांच्या घरी नेऊन दिले.

चूक शोधली. आम्ही दुपारी तीनला, ढिगाच्या वरच्या थरातून दाणे घेतले होते. वरचा थर उन्हाने वाळलेला असतो, ढिगाच्या पोटात हवा जास्त असते. रात्री पोती भरून ठेवली की सगळं एकमेकांत मुरतं आणि केंद्रावर पोत्याच्या मधोमध सळई खुपसून नमुना घेतात. शिवाय हे यंत्र दाण्यांतून वीज कशी जाते त्यावरून हवा ठरवतं, त्यामुळे ऊन लागून तापलेल्या दाण्यांवर त्याचा आकडा हलतो. मामांनी हे सगळं यंत्र देताना सांगितलं होतं, आम्ही लिहून घेतलं नव्हतं.

आता पद्धत अशी : पोती भरल्यावरच मोजायचं, पाच पोत्यांच्या मधून पोकळ सळईने दाणे काढायचे, एकत्र करून सावलीत थंड होऊ द्यायचे, तीनदा मोजून सरासरी घ्यायची. आणि 11.5 किंवा त्याखाली आल्याशिवाय ‘जा’ म्हणायचं नाही.

एमव्हीपीमधल्या ‘व्हायेबल’ या शब्दाकडे मी आतापर्यंत दुर्लक्ष करत होते, सगळा भर ‘मिनिमम’वर होता. ॲप नव्हतं, पावती पुस्तक नव्हतं, गटाला नावसुद्धा नव्हतं, आणि त्यावाचून काहीच अडलं नाही. पण यंत्राचा आकडा केंद्राच्या आकड्याशी जुळणं ही गोष्ट कमी करून चालणारी नव्हती. आकडाच चुकला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि आमची चाचणीही मूल्याबद्दल काही सांगत नाही, फक्त आम्ही मोजायला चुकलो एवढंच सांगते.

3 नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

दिवाळीत चार नवीन जण. मोजण्या सकाळी लवकर उरकल्या. नवी पद्धत एका खेपेला चाळीस मिनिटं घेते, आधी दहा लागायची. हा खर्च वहीत लिहायला सुरुवात केली.

11 नोव्हेंबर, सोमवार

आतापर्यंत सतरा जण, तेरा जणांचा माल पहिल्या खेपेला लागला. दहात आठची मर्यादा धरली तर सतराला चौदा हवे होते. एकाने कमी.

पण एकूण आकडा न बघता कोण कोणत्या आठवड्यात आला त्याप्रमाणे तुकड्या पाडल्या तर चित्र वेगळं दिसतं. पहिल्या आठवड्याच्या सहा जणांत तीन लागले. परत आलेल्यांपैकी दोघे दुसरी मोजणी न करताच गेले होते आणि एकात चूक आमची होती. दिवाळीच्या आठवड्यात चारात तीन. गेल्या आठवड्यात सातात सात. पद्धत बदलल्याचा परिणाम तुकड्यांमध्ये दिसतो, एकूण बेरजेत तो बुजून जातो. उदगीरचा मित्र म्हणाला, झालं की मग, सातात सात!

मलाही तसंच वाटलं होतं. मग वाटलं, नोव्हेंबर लागला, पाऊस थांबला, सकाळची हवा कोरडी झाली. सोयाबीन आता आपोआपच वाळत असणार. आम्ही काही न करताही सातात सात आले असते का? म्हणून आज दिवसभर केंद्राच्या फाटकाशी उभी राहिले आणि आमच्याकडे न आलेल्या पंधरा जणांना बाहेर पडताना विचारलं. बारा जणांचा माल लागला होता, तिघांचा परत.

पंधरात बारा आणि सातात सात. इतक्या थोड्या माणसांवर यातून आमचा उपयोग सिद्ध होत नाही. आमच्यात एखादा जरी परत आला असता तरी फरक जवळपास मिटला असता. मर्यादा लिहिताना ‘आमच्याशिवाय किती जणांचा लागतो’ हे आम्ही विचारात घेतलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यापासून रोज पाच जणांना फाटकाशी विचारलं असतं तर आज तुलनेला दुसरी रांग तयार असती. त्याला पैसाही लागला नसता.

16 नोव्हेंबर, शनिवार

काल केंद्र सरकारने यंदाच्या हंगामापुरती हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के केली. सकाळी नऊपर्यंत दोघांनी फोन करून सांगितलं, आता मोजायची गरज नाही. ते बरोबरच म्हणतात. आमच्याकडे या महिन्यात पंधराच्या वर एकही नमुना आलेला नाही.

शेतकऱ्यांसाठी ही बातमी चांगली आहे, माझ्या घरचेही सहा क्विंटल अजून घालायचे आहेत. प्रकल्पासाठी तिचा अर्थ असा, की आमचं सगळं मूल्य एका नियमावर उभं होतं आणि तो नियम बदलण्याचा अधिकार ना आमच्याकडे, ना शेतकऱ्याकडे. 24 सप्टेंबरच्या यादीत हे गृहीतक नव्हतं. पिव्हट करताना तरी लिहायला हवं होतं : ‘केंद्र बाराच्या वर घेणार नाही, आणि हे पुढेही तसंच राहील.’ लिहिलं असतं तरी ते तपासता आलं नसतं, पण मोबाइल ॲपमध्ये पैसे घालायचे का या प्रश्नाचं उत्तर त्याने बदललं असतं.

25 नोव्हेंबर, सोमवार

पुढे जायचं की वळायचं, यासाठी बैठक. सगळ्या वह्या टेबलावर. दोन महिन्यांत पेट्रोल, कागद आणि तो टेम्पो धरून 3,940 रुपये खर्च, जमा 2,250. कन्सिअर्जमध्ये एका गिऱ्हाइकामागे आता दोन खेपा मिळून दीड तास जातो. शंभर रुपयांत हे कायमचं चालणार नाही, हे उघड आहे.

तिघांचं एकमत : केंद्रासाठी हवा मोजण्याचं काम थांबवायचं. पुढच्या हंगामात मर्यादा पुन्हा बारा झाली तरी फाटकावरची तुलना आधी करायची, मगच विचार.

बैठक संपता संपता मैत्रिणीने वहीच्या समासात बोट ठेवलं. मोजायला गेलो तेव्हा लोकांनी आपणहून जे विचारलं ते ती समासात लिहीत होती. पाच वेगवेगळ्या गावांत एकच प्रश्न आला आहे : ‘घरचं बी ठेवायचंय, ते टिकेल का, सांगता का?’ आम्ही कोणालाही बियाण्याबद्दल विचारलं नव्हतं. सोयाबीनचं बी नाजूक असतं. मळणीत आदळलं किंवा ओलं साठवलं की उगवण पडते. प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते आणि साठवताना हवा 12 च्या आत लागते. इथे अडत्याची कपात नाही आणि केंद्राचा नियमही नाही. चूक झाली तर जूनमध्ये दुबार पेरणी.

मॅडम म्हणाल्या, समासातले पाच प्रश्न म्हणजे शोधाची जागा, पुरावा नाही. तिसरं चक्र कागदावर आखून ठेवा. मग तिथेच बसून आखलं.

शिकायचं काय : उगवण 70 च्या खाली आली असं सांगितल्यावर शेतकरी ते बी बाजूला ठेवून दुसरं बघतो का. मोजायचं काय : अशा किती जणांनी पेरणीआधी बी बदललं, आणि शेजारी, ज्यांचं आम्ही तपासलं नाही, त्यांच्यात किती जणांनी. मर्यादा : कमी उगवण आलेल्या दहापैकी सहा. खोटं ठरवणारं आणखी एक गृहीतक आजच लिहिलं : हे शेतकऱ्याला घरी फुकट जमतं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी मोड मोजायचे, ही पद्धत कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगतो. किती जण ती खरंच करतात, ते पैशांचा प्रश्न काढण्याआधी विचारायचं. तेही ‘करता का’ असं नाही, ‘गेल्या मे महिन्यात केली होती का, कोणत्या खोलीत ठेवलं होतं, किती उगवलं’ असं.

बनवायचं काय : गोणपाट, शंभर दाणे, वही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात.

संध्याकाळी यंत्र पुसून, नवे सेल घालून मामांना परत दिलं. पद्धतीचा कागद, सळई आणि सावलीसकट, त्याच्या डब्यात ठेवला आहे.